परवान्याची मुदत आणि घरातली तारखांची वही

बहुतेक घरांत महत्त्वाची कागदपत्रे एका फाइलमध्ये किंवा कपाटातील पिशवीत नीट जपून ठेवलेली असतात. ती हरवत नाहीत. पण त्यांची मुदत मात्र नकळत उलटून जाते. कागद जपून ठेवणे आणि त्याच्या तारखेवर लक्ष ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी शंभर पानी वही पुरते. मात्र तिच्यात काय लिहायचे हे ठाऊक असायला हवे.

केवळ 'मुदत समाप्ती' असा एकच रकाना आखून वही केली, तर तिचा फारसा उपयोग होत नाही. प्रत्येक कागदपत्राला किमान तीन तारखा असतात. नूतनीकरणाचा अर्ज कधीपासून करता येतो ही पहिली, मुदत संपते ती दुसरी आणि उशीर झाला तरी सोप्या मार्गाने काम होण्याची अखेरची तारीख ही तिसरी. वाहन चालविण्याच्या परवान्यात, म्हणजेच लायसन्समध्ये, हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो.

समजा, घरातील कर्त्या पुरुषाने वयाच्या तेविसाव्या वर्षी, १६ नोव्हेंबर २००६ रोजी मोटारसायकल व मोटारीचा परवाना काढला. तेव्हाच्या नियमानुसार खासगी वाहनाचा परवाना २० वर्षे किंवा वयाची ५० वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वैध असे. त्यामुळे त्याच्या परवान्याची मुदत १५ नोव्हेंबर २०२६ ही. कायद्याप्रमाणे त्याआधी एक वर्षापासून, म्हणजे नोव्हेंबर २०२५ पासून अर्ज करता येतो. मुदत संपल्यानंतरही एक वर्षापर्यंत अर्ज स्वीकारला जातो. पण ते वर्षही उलटले की वाहन चालविण्याची चाचणी नव्याने द्यावी लागते. म्हणून वहीत नोव्हेंबर २०२५, नोव्हेंबर २०२६ आणि नोव्हेंबर २०२७ अशा तिन्ही नोंदी हव्यात.

येथेच एक मोठा गैरसमज आहे. मुदतीनंतरच्या त्या वर्षात अर्ज करता येतो, वाहन चालविता येत नाही. पूर्वी मुदत संपल्यावरही परवाना ३० दिवस वैध मानला जाई. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. आता मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी चालविणारा विनापरवाना ठरतो. कायद्यात त्यासाठी ५ हजार रुपये दंड आहे. पण खरा धोका अपघाताचा. परवाना वैध नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. जखमी व्यक्तीला भरपाई देण्याचा आदेश कंपनीला झाला, तरी ती रक्कम नंतर वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये देतात. लाखोंची ही जबाबदारी एका विसरलेल्या तारखेतून उभी राहते.

त्याच दुरुस्तीने मुदतीचे गणितही बदलले. तिशीच्या आत परवाना काढणाऱ्यास तो वयाच्या चाळिशीपर्यंत मिळतो. तीस ते पन्नास या वयात १० वर्षांसाठी, पन्नास ते पंचावन्न या वयात साठीपर्यंत आणि पंचावन्ननंतर दर वेळी ५ वर्षांसाठी. त्यामुळे 'बाबांचा वीस वर्षांचा होता, म्हणजे माझाही तसाच' हा हिशेब आता चालत नाही. वरील उदाहरणातील गृहस्थ नूतनीकरणाच्या वेळी चाळिशी ओलांडलेले असल्याने त्यांना डॉक्टरांकडून नमुना १ अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे लागेल. परवाना जुन्या पुस्तकी स्वरूपाचा असेल आणि त्याची नोंद संगणकावर दिसत नसेल, तर आधी परिवहन कार्यालयात ती करून घ्यावी लागते. वर्षभर आधी अर्जाची सोय असते ती अशा वेळी उपयोगी पडते.

वहीत चौथा रकाना हवा तो 'आधी काय लागते' याचा. कागदपत्रे एकमेकांना अडकलेली असतात. याच घरात मार्च २०१२ मध्ये नोंदणी झालेली स्कूटर आहे असे धरू. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची. ती मार्च २०२७ मध्ये संपेल. तिच्या नूतनीकरणाचा अर्ज मात्र मुदतीआधी ६० दिवसांहून जास्त लवकर करता येत नाही. म्हणजे हाती जेमतेम जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्च एवढाच काळ. वाहन तपासणीला नेताना विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, दोन्ही चालू असावे लागतात. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांपेक्षा जुन्या खासगी वाहनांना पर्यावरण कर भरावा लागतो. २०१२ ची ही स्कूटर भारत स्टेज चार मानकापूर्वीची असल्याने तिचे पीयूसी सहाच महिन्यांचे असते, तर त्या मानकाच्या व नंतरच्या वाहनांचे वर्षाचे. ऑगस्टमध्ये काढलेले पीयूसी फेब्रुवारीत, म्हणजे ऐन तपासणीच्या तोंडावर संपेल. वहीत या दोन ओळी शेजारी असतील, तर खेप वाया जात नाही. नूतनीकरणानंतरची नोंदणी पाचच वर्षांची असते, हेही लगेच लिहून ठेवावे.

विम्याच्या बाबतीत फसगत वेगळ्या प्रकारची होते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन व नव्या दुचाकीस पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. सोबत घेतलेला स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीच्या कागदावर दोन्ही तारखा छापलेल्या असतात. लक्षात राहते ती लांबची. दुसऱ्या वर्षी झाड पडून काच फुटली की मग उलगडा होतो. त्यामुळे एका पॉलिसीच्या वहीत दोन ओळी कराव्यात. नुकसानीचा विमा संपून ९० दिवस उलटले, तर दावा न केल्याबद्दल साठलेली हप्त्यातील सवलतही जाते. पाच वर्षे दावा केला नसेल तर ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली असते.

पारपत्राच्या बाबतीत तर छापलेली तारीख फसवीच म्हणावी लागेल. प्रौढांचे पारपत्र १० वर्षांचे, तर लहान मुलांचे साधारणतः ५ वर्षांचे असते; एकाच दिवशी काढलेली आईची व मुलीची पारपत्रे म्हणून एकाच दिवशी संपत नाहीत. शिवाय अनेक देश प्रवेशाच्या वेळी पारपत्र किमान सहा महिने वैध असण्याची अट घालतात. मुलीचे पारपत्र एप्रिल २०२७ पर्यंत असेल, तर अशा देशांसाठी ते ऑक्टोबर २०२६ मध्येच संपले असे वहीत लिहावे. दिवाळीच्या सुटीतील सहल आखताना हीच तारीख कामी येते.

लिहिण्याची पद्धत साधी ठेवावी. प्रत्येक कागदास एक ओळ, आणि वहीच्या शेवटी जानेवारी ते डिसेंबर अशी बारा पाने. अर्जाची मुभा ज्या महिन्यात सुरू होते, त्या महिन्याच्या पानावर ते नाव टिपावे. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरच्या पानावर कायमचा असतो. वय ८० पूर्ण झालेल्यांसाठी तो ऑक्टोबरच्या पानावर. पूर्ण क्रमांक, पिन किंवा संकेतशब्द वहीत लिहू नयेत. क्रमांकाचे शेवटचे चार अंक ओळखीला पुरतात.

एक रकाना मात्र बहुतेकांकडून सुटतो. त्या कागदपत्रास कोणता मोबाइल क्रमांक जोडला आहे, तो. नूतनीकरणाचे अर्ज आता संगणकीय झाले असून ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. तो क्रमांक दहा वर्षांपूर्वीच बंद केलेल्या सिमकार्डाचा असेल, तर अर्ज भरण्याआधी क्रमांक बदलण्याचे काम करावे लागते, आणि ६० दिवसांच्या मुदतीतील काही दिवस त्यातच जातात.