कर्जाचा कागद आणि हप्त्यांचा तक्ता

२०२४ च्या जुलैअखेर आमच्याकडे एक घडी घातलेला कागद आला. आणणारी खाला आणि तिच्यामागे मान खाली घालून उभा असलेला तिचा भाचा. दोघांत बोलाचाली बंद होण्याच्या बेतात होती. रागाचे कारण विचारले तर खाला म्हणाली, "मी काय बोलू? कागदच वाचा."

आम्ही वाचला. भाच्याच्या अक्षरात एकच परिच्छेद होता. त्यातला मजकूर असा: "आज २० जानेवारी २०२४ रोजी खालाजानकडून एक लाख रुपये कर्ज-ए-हसना घेतले. फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या दहा तारखेला फेडीन. पहिले सहा महिने सात हजार, त्यानंतर दरमहा दहा हजार. रमजानमध्ये हप्ता नाही. जूनअखेर भिशी लागली की पंधरा हजार जादा देईन."

फ्रिज-एसी दुरुस्तीच्या गाळ्यासाठी घेतलेले हे पैसे. खालाने ते उमऱ्यासाठी साठवले होते आणि डिसेंबरात परत हवे होते. नियत दोघांचीही साफ होती. तरी दोन ठिकाणी घोटाळा झाला होता. १० एप्रिलला पैसे आले नाहीत आणि १० जुलैलाही आले नाहीत. भाचा म्हणे, दोन्ही वेळा माझे बरोबर. खाला म्हणे, एकदा तरी चूक असेलच की.

कुरआन शरीफच्या सूरह बकरातील २८२ व्या आयतीत ठराविक मुदतीचे कर्ज लिहून ठेवायला सांगितले आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्याच आयतीतली एक बाब मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणून आम्ही वही आणि पेन्सिल घेतली आणि भाच्याला म्हटले, तू बोल, आम्ही लिहितो.

लगेच तक्ता आखायला बसलो नाही. आधी परिच्छेदातल्या प्रत्येक तारखेखाली एक रेघ मारली, प्रत्येक रकमेखाली दोन आणि प्रत्येक अटीभोवती गोल केला. मग ज्या शब्दाचे दोन अर्थ निघतात ते वेगळे काढले. असे तीन निघाले.

पहिला रमजान. इंग्रजी तारखेचा हप्ता आणि चंद्राचा महिना एकाच कागदावर आले की गाठ पडते. २०२४ साली आपल्याकडे पहिला रोजा १२ मार्चला होता आणि ईद ११ एप्रिलला झाली. म्हणजे १० मार्चचा हप्ता रमजानआधीचा. १० एप्रिल मात्र तिसावा रोजा. आदल्या संध्याकाळी चाँद दिसला असता तर त्या दिवशी ईद असती आणि हप्ता द्यावा लागला असता! भाचा इथे बरोबर होता. पण असा चंद्रावर सोडलेला हप्ता कागदावर ठेवूच नये. कोणता इंग्रजी महिना सुटीचा, हे आधीच नाव घेऊन लिहावे.

दुसरा शब्द "जादा". भिशीचे पंधरा हजार भाच्याने ३० जूनला दिले. त्याच्या हिशेबाने ते पुढच्या दोन हप्त्यांचे आगाऊ पैसे होते आणि वर हजार रुपये उरतही होते. खालाच्या मते जादा म्हणजे नेहमीच्या हप्त्याशिवाय, त्यामुळे मुदत शेवटच्या टोकाकडून कमी होते. आमचे मत खालाच्या बाजूने पडले, कारण आगाऊ द्यायचे होते तर "आगाऊ" लिहायचे होते. भाच्याने जरा वेळ छताकडे पाहिले आणि मानले.

तिसरा शब्द दोघांच्याही लक्षात आला नव्हता, आणि आमच्या मते खरा पेच तोच. "पहिले सहा महिने" की पहिले सहा हप्ते? एप्रिल सुटला, त्यामुळे फेब्रुवारी ते जुलै या सहा महिन्यांत हप्ते पाचच होतात. महिने धरले तर ऑगस्टपासून दहा हजार सुरू होतात आणि कर्ज १० डिसेंबरला फिटते. हप्ते धरले तर ऑगस्टचाही हप्ता सातचाच राहतो आणि शेवटचे तीन हजार १० जानेवारीला जातात. खालाच्या उमऱ्याची सारी मांडणी या एका शब्दावर होती. कागदावर "महिने" होते, भाच्याच्याच हाताचे. ऑगस्टला दहा हजार देईन म्हणाला.

यानंतर तक्ता मांडायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

| देय तारीख | रक्कम (रु.) | बाकी (रु.) |
|---|---|---|
| १० फेब्रुवारी २०२४ | ७,००० | ९३,००० |
| १० मार्च | ७,००० | ८६,००० |
| १० एप्रिल (सूट) | ० | ८६,००० |
| १० मे | ७,००० | ७९,००० |
| १० जून | ७,००० | ७२,००० |
| ३० जून (भिशी, जादा) | १५,००० | ५७,००० |
| १० जुलै | ७,००० | ५०,००० |
| १० ऑगस्ट | १०,००० | ४०,००० |
| १० सप्टेंबर | १०,००० | ३०,००० |
| १० ऑक्टोबर | १०,००० | २०,००० |
| १० नोव्हेंबर | १०,००० | १०,००० |
| १० डिसेंबर | १०,००० | ० |

सुटीच्या महिन्याची ओळ गाळायची नाही. शून्य लिहून ठेवायची, नाहीतर वर्षभराने कोणीतरी "एप्रिल राहिला" म्हणते. पडताळा दोन बाजूंनी घ्यायचा. रकमेच्या रकान्याची बेरीज पूर्ण एक लाख यायला हवी आणि बाकीचा रकाना शून्यावर थांबायला हवा. एकच जुळून भागत नाही. रक्कम चुकीची लिहिली आणि बाकी मनातल्या योग्य आकड्याने वजा केली, तर बाकी शून्यावर येते पण बेरीज चुकते. इथे व्याज नसल्यामुळे बाकी म्हणजे साधी वजाबाकी. बँकेच्या हप्त्यात मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवावे लागते, तिथे हा तक्ता पुरत नाही.

घरच्या वहीत आम्ही उजवीकडे आणखी तीन रकाने आखून दिले: प्रत्यक्ष दिल्याची तारीख, मिळाल्याची खालाची सही आणि भाच्याची सही. देणाऱ्याची सही कशाला, असे त्याने विचारलेच. उधारीच्या वसुलीला कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत आहे. ती संपण्याआधी देणाऱ्याने काही रक्कम फेडून तशी लेखी नोंद सहीनिशी केली, तर मुदत नव्याने मोजली जाते. खाला कोर्टात जाणार नाही हे आम्हालाही माहीत आहे, पण उद्या वारसांच्या हाती ही वही पडली तर त्यांना कोणाच्या शब्दावर विसंबावे लागू नये. पैसे मात्र खात्यातूनच पाठवायला सांगितले. वीस हजार किंवा त्याहून मोठ्या कर्जाची देवघेव रोखीने करायला आयकर कायद्याची मनाई आहे, परतफेडीलाही.

देय तारखेच्या रकान्यात एकदा लिहिलेले पुन्हा खोडायचे नाही, हे दोघांनाही बजावले. जुलैचा हप्ता त्याच आठवड्यात, २४ तारखेला आला. तक्त्यात देय तारीख १० जुलैच राहिली आणि पुढच्या रकान्यात २४ जुलै चढली.

ऑक्टोबरात गाळ्याचे काम मंदावले आणि भाच्याकडून सहा हजारच आले. खालाने तंगीत असलेल्याला मुदत दिली. वहीत १० ऑक्टोबरच्या ओळीखाली एक नवी ओळ घातली: राहिलेले चार हजार, देय २५ ऑक्टोबर. सहा हजारांनंतर बाकी २४,००० झाली होती, २५ तारखेला ती पुन्हा २०,००० वर आली आणि नोव्हेंबरच्या ओळीला हात लावावा लागला नाही.