आठ मीटर रुंदीला सव्वानऊ मीटर कागद

पॉलिहाउसच्या छतावर ताणलेल्या पॉलिथिनला शेतकरी सरळ ‘कागद’ म्हणतात. कागद किती लागेल हे विचारले की बहुतेक वेळा लांबी गुणिले रुंदी असे उत्तर येते. हे उत्तर जमिनीचे आहे, छताचे नाही. पॉलिहाउसचे कोटेशन जमिनीच्या चौरस मीटरवर दिले जाते, त्यामुळे तोच आकडा डोक्यात बसतो. कागद मात्र कमानीवरून जातो, आणि दोन खांबांमधल्या सरळ अंतरापेक्षा कमान नेहमीच लांब असते.

एका गाळ्याचे, साधे कमानी छताचे पॉलिहाउस उदाहरणाला घेऊ. लांबी २४ मीटर, रुंदी ८ मीटर, बाजूच्या खांबांची उंची ३ मीटर आणि कमानीचा माथा जमिनीपासून ५ मीटरवर. हिशेबाला लागणारी उंची मात्र ५ मीटर नाही. कमान जिथून सुरू होते त्या पातळीपासून माथ्यापर्यंतचा उठाव घ्यायचा असतो, म्हणजे ५ वजा ३, २ मीटर. सर्वांत मोठी चूक इथेच होते, पण ती लपत नाही. उठावाच्या जागी ५ टाकले तर कमान रुंदीच्या जवळजवळ दुप्पट निघते, आणि इतका उंच घुमट शेतात कुठेच दिसत नाही.

कमान वर्तुळाचा तुकडा आहे असे धरले की आधी त्या वर्तुळाची त्रिज्या काढावी लागते. अर्ध्या रुंदीचा वर्ग आणि उठावाचा वर्ग यांची बेरीज करून तिला उठावाच्या दुपटीने भागायचे. इथे ४ चा वर्ग १६ आणि २ चा वर्ग ४, बेरीज २०. त्याला ४ ने भागले की त्रिज्या ५ मीटर. वर्तुळाचे केंद्र कमानीच्या पायाखाली ३ मीटरवर येते, म्हणजे शाळेतला ३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण छतात लपलेला निघतो. कोन मोजून कमानीची लांबी काढली की ती ९.२७ मीटर भरते. ८ मीटरच्या रुंदीला सव्वानऊ मीटर कागद, म्हणजे १६ टक्के जास्त.

कोनाच्या कोष्टकाशिवायही हे जमते. कमानीच्या एका पायापासून माथ्यापर्यंत टेप सरळ ताणून अंतर घ्यायचे. या उदाहरणात ते ४.४७ मीटर येते. त्याची आठपट करायची, त्यातून रुंदी वजा करायची आणि उरलेल्याला ३ ने भागायचे. ३५.७८ वजा ८ म्हणजे २७.७८, आणि तिसरा हिस्सा ९.२६. खऱ्या आकड्यापेक्षा हा फक्त सेंटिमीटरभर कमी आहे. सतराव्या शतकातल्या हायगेन्स या डच गणितीच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती कागदाच्या कामाला पुरून उरते. त्याउलट टेपने घेतलेल्या अंतराची नुसती दुप्पट केली तर ८.९४ मीटर येतात. कमानीची फुगवटी त्यात येतच नाही आणि कागद ३३ सेंटिमीटरने तोकडा पडतो. प्रोफाइलच्या खाचेत कागद बसवणाऱ्या माणसाच्या हाताला धरायला तेवढाच तुकडा उरायचा असतो.

उठाव वाढला की कागद त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतो. उठाव रुंदीच्या पाचव्या हिश्श्याइतका असेल तर कमान रुंदीपेक्षा सुमारे १० टक्के लांब असते, चौथ्या हिश्श्याला १६ टक्के आणि तिसऱ्या हिश्श्याला २७ टक्के. पुरते अर्धवर्तुळ केले तर ५७ टक्के. म्हणून दुसऱ्याच्या पॉलिहाउसचा ‘इतके टक्के जादा धरा’ हा सल्ला उठाव विचारल्याशिवाय घेऊ नये.

ही लांबी कोणत्या मापावरून आली तेही बघावे लागते. रुंदी आणि उठाव पाइपाच्या मध्यापासून मोजले असतील, तर कागद पाइपाच्या बाहेरच्या अंगावरून जातो. ४२ मिलिमीटर व्यासाच्या पाइपावर त्याने सुमारे ४ सेंटिमीटर वाढतात. पाइप वाकवणारे यंत्रही दरवेळी निर्दोष वर्तुळ देत नाही, कमान कधी माथ्यावर चपटी, कधी खांद्याशी फुगीर येते. त्यामुळे सांगाडा उभा राहिल्यावर पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन कमानींवरून सुतळी लपेटून प्रत्यक्ष माप घ्यावे. सूत्र आधीच्या अंदाजासाठी असते, कागद कापायचा तो सुतळीच्या मापाने.

आता छताचा तुकडा. दोन्ही बाजूंना प्रोफाइलमध्ये दाबून झिगझॅग स्प्रिंग बसवायला आणि ताण देताना हातात धरायला प्रत्येकी २५ सेंटिमीटर धरले, तर ९.२७ चे ९.७७ मीटर होतात. लांबीला दोन्ही टोकांना अर्धा अर्धा मीटर धरून २५ मीटर. क्षेत्रफळ सुमारे २४४ चौरस मीटर, जमीन मात्र १९२ चौरस मीटर. क्षेत्रफळ बरोबर आले तरी खरेदी बरोबर होईलच असे नाही. कागदाच्या रोलचा पन्हा ठरलेला असतो. ९ मीटर पन्ह्याचा कितीही लांब रोल आणला तरी तो या कमानीवर आडवा पुरणार नाही, मग वजनात कितीही जास्त भरो. पन्ह्याची चौकशी हिशेबाच्या शेवटी नको, सांगाड्याची रुंदी ठरवण्याआधीच हवी. उठाव थोडा कमी केल्याने कमान मिळणाऱ्या पन्ह्यात बसते आणि मधला सांधा टळतो. छताला मध्ये सांधा म्हणजे पावसाळ्यात गळतीची एक जागा, हे ज्याने एकदा अनुभवले तो पुन्हा सांधा ठेवत नाही.

कागद केव्हा ताणला जातो यावरही काही सेंटिमीटर अवलंबून असतात. पॉलिथिन उन्हात पसरते, थंडीत आक्रसते. तापमान २० अंशांनी बदलले तर सव्वानऊ मीटरच्या कमानीवर हा फरक ३ ते ४ सेंटिमीटर होतो. पहाटेच्या गारव्यात ताणलेला कागद दुपारी ढिला पडून वाऱ्यावर फडफडतो आणि पाइपाशी घासून लवकर फाटतो. भर दुपारी ताणलेला रात्री इतका कसतो की स्प्रिंगजवळ ओरखडे उमटतात. वारा नसलेली, ऊन कोवळे असलेली वेळ बरी.

पुढच्या आणि मागच्या भिंतींचा वरचा भाग कमानीखालचा असतो. त्याचे क्षेत्रफळ दोन तृतीयांश गुणिले रुंदी गुणिले उठाव या ढोबळ रीतीने १०.६७ चौरस मीटर येते, नेमके ११.१८ आहे. पण हा हिशेब इथे फारसा उपयोगी नाही, कारण कागद चौकोनीच कापला जातो आणि कोपरे वाया जातात. जमिनीलगतच्या १ मीटर ॲप्रनच्या वरचा ४ मीटर उंच, ८ मीटर रुंद भाग झाकायला ८.५ गुणिले ४.५ मीटरचा तुकडा घेतला तर एका भिंतीला ३८.२५, दोन्हींना ७६.५ चौरस मीटर. उरलेले तिरपे तुकडे जपून ठेवावेत, पुढे ठिगळाला लागतात.

ॲप्रन चारही बाजूंनी फिरतो. घेर ६४ मीटर, उंची १ मीटर, चरात पुरायला आणि वर बांधायला अर्धा मीटर, म्हणजे ९६ चौरस मीटर. दाराची जागा वजा करायची झाली तर करावी, फरक नगण्य आहे. लांब बाजूंच्या वरच्या २ मीटरच्या खिडक्यांवर इन्सेक्ट नेट आणि तिच्याबाहेर गुंडाळायचा कर्टन असतो. कर्टनला वर-खाली झाकण आणि पाइपाला वेढा मिळून २.६ मीटर उंची धरली, लांबी २४.५ मीटर, तर दोन्ही बाजूंना १२७ चौरस मीटर होतात.

सगळी बेरीज सुमारे ५४४ चौरस मीटर येते, म्हणजे जमिनीच्या पावणेतीन पट. लहान पॉलिहाउसमध्ये भिंतींचा वाटा एवढा मोठा असतो. अनेक गाळ्यांच्या मोठ्या पॉलिहाउसात आतल्या खांबांना भिंत नसते, म्हणून हे प्रमाण बरेच खाली येते. तिथे छत करवती दाताचे, एक मोठी कमान आणि एक लहान कमान असे असेल, तर दोन्हींची लांबी वेगळी काढून बेरीज करावी लागते. दोन कमानींमधल्या हवेच्या फटीला नेट लागते, तिला कागदात धरू नये.

कागद बहुधा वजनावर विकला जातो. २०० मायक्रॉन जाडीचा कागद, घनता ०.९२ धरली तर, एका चौरस मीटरला १८४ ग्रॅम भरतो, म्हणजे एका किलोत सुमारे ५.४ चौरस मीटर. ५४४ चौरस मीटरला १०० किलो. कागद खरोखर २०० मायक्रॉनचा आहे का हेही याच आकड्यावरून कळते. रोलच्या टोकाचा १ मीटर गुणिले १ मीटर तुकडा कापून सोन्या-चांदीच्या नव्हे, साध्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला तरी पुरतो. १६५ ग्रॅम आले तर तो १८० मायक्रॉनच्या आसपासचा आहे. असा पातळ कागद किलोमागे जास्त जागा झाकतो, त्यामुळे बिलावर तो स्वस्त दिसतो.

शेडनेटचे गणित वेगळे, कारण ती कुठे टांगली यावर ते ठरते. खांबांच्या माथ्यालगत तारांवर आडवी पसरली तर ती कमान बघतच नाही, ८ गुणिले २४, १९२ चौरस मीटर. पण तीच १ मीटर वर टांगली तर कमान आत आलेली असते. केंद्रापासून त्या पातळीची उंची ३ अधिक १ म्हणजे ४, त्रिज्या ५, म्हणून अर्धी रुंदी पुन्हा ३ मीटर. रुंदी ६ मीटरच उरते आणि नेट १४४ चौरस मीटरवर येते. नेट वाचते, पण कडेच्या झाडांवर सावली तोकडी पडते.

सरकती शेडनेट ४ मीटरच्या अंतरावरच्या कमानींमध्ये सहा तुकड्यांत बसवली तर प्रत्येक तुकडा ४.३ मीटर धरावा, कारण बंद असताना शेजारचे तुकडे एकमेकांवर यायला हवेत. बाजूंची शिवण मिळून रुंदी ८.२ मीटर. सहा तुकड्यांना सुमारे २१२ चौरस मीटर होतात. ४ मीटर पन्ह्याची नेट इथेही ३० सेंटिमीटरने कमी पडते.

बाहेरून, छतावर घातलेली नेट उष्णता आत येण्याआधी अडवते, म्हणून ती आतल्या नेटपेक्षा जास्त थंडावा देते. मात्र ती कागदाला चिकटून नसावी. कागदापासून ३० सेंटिमीटर वर उचलली तर तिची कमान ९.८३ मीटर होते. त्याला दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि टोकांना धरून २५ मीटर लांबी घेतली की २७० चौरस मीटरच्या वर जाते. आतल्या सरकत्या नेटपेक्षा ६० चौरस मीटर अधिक, आणि वाऱ्याला तोंड द्यायला दोऱ्या व तारा वेगळ्या.