पूर ओसरला, पार्सल कुठे आहे?

पुण्याहून कोल्हापूरला येणाऱ्या मालगाड्यांचा नेहमीचा रस्ता शिरोलीवरून जातो. जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी तिथे महामार्गावर आलं आणि 23 तारखेपासून काही दिवस वाहतूक बंद पडली. पाणी उतरल्यावरही आधी इंधन, औषधं यांसारख्या निकडीच्या गाड्या सोडल्या गेल्या. अशा वेळी रस्ता खुला झाला की दुसऱ्याच दिवशी पार्सल दारात यावं, असा धोशा लावणं बरोबर नाही. मागे साचलेला माल हलायलाही दिवस लागतात.

पण पुराच्या नावाखाली सगळंच खपवून घ्यायचं का? मुळीच नाही. ऑनलाइन खरेदीसाठी 2020 साली केलेल्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, कबूल केलेल्या मुदतीत वस्तू आली नाही तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. नैसर्गिक आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल, तर मात्र त्याला यातून सूट आहे. सगळा प्रश्न इथे येतो: उशीर खरोखर पुरामुळेच झाला का?

समजा, कोल्हापूरच्या एका घरी मिक्सर 20 जुलैला पोचवण्याचं कबूल झालं होतं. ट्रॅकिंगमध्ये 22 तारखेलाही तो भिवंडीच्या गोदामातच दिसतो. इथे मुदत पूर येण्याआधीच टळली होती, म्हणून पुराचं कारण लागू पडत नाही. याउलट मुदत 24 ची असेल आणि 22 ला पार्सल पुण्यातून निघाल्याची नोंद असेल, तर विक्रेत्याचं म्हणणं मान्य करावं. म्हणून ऑर्डर दिल्यावर कबूल तारखेचा आणि पुढे प्रत्येक नोंदीचा स्क्रीनशॉट ठेवा. तारीख मागाहून बदलून दाखवली, तर तोच पुरावा.

जानेवारी 2024 मध्ये अपघाताच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा विक्रेत्याच्या हातात फारसं काही नव्हतं. मात्र कंपनीच्या स्वतःच्याच डिलिव्हरी करणाऱ्यांनी पगारासाठी काम थांबवलं, तर तो भार ग्राहकावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

सूट फक्त उशिराला आहे, हे विसरू नका. पुराच्या पाण्याने भिजलेला मिक्सर हातात पडला, तर तो सदोष माल आहे. खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा आणि लगेच कळवा. ऑर्डरच रद्द झाली, तर पैसे परत मिळालेच पाहिजेत. त्याऐवजी कूपन घ्या म्हणाले, तर नाही म्हणा.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करा. त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तसं झालं नाही, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तेही तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, विक्रेता कुठलाही असला तरी.