जाहिरात नाही, माहिती नाही. मग कव्हर लेटर कशाच्या आधारे लिहायचे?

"सर, कव्हर लेटर लिहून द्या, उद्या शेवटची तारीख आहे." एवढाच मेसेज आम्हाला अनेकदा येतो. सोबत जाहिरात नसते आणि स्वतःविषयी एक ओळही नसते. मग "मी मेहनती व प्रामाणिक आहे" यापलीकडे लिहिता येत नाही. ही वाक्ये कोणत्याही उमेदवाराला लागू पडतात, म्हणून निवड करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. दुसरा धोका म्हणजे लिहून देणारा रिकाम्या जागा अंदाजाने भरतो. पत्रात "दीर्घ अनुभव" आणि बायोडाटात सहा महिने असले, की मुलाखतीत त्यावरच बोट ठेवले जाते.

समजा, एका संस्थेला समुदाय संघटक हवा आहे. जाहिरातीत तीन कामे दिली आहेत: घरोघरी सर्वेक्षण, महिला बचत गटांच्या बैठका आणि मराठीत मासिक अहवाल. अर्ज करणारी मुलगी बीएसडब्ल्यू झालेली आहे. तिने फक्त पदाचे नाव कळवले असते, तर कदाचित तिच्या कॉलेजमधल्या पथनाट्यावरच पत्र संपले असते. जाहिरात वाचल्यावर मात्र नेमके प्रश्न विचारता येतात. सर्वेक्षण कुठे केले? किती घरांचे? त्यात तुझा वाटा काय होता?

तिच्या उत्तरांतून पत्राचा मधला भाग तयार होतो: "शेवटच्या वर्षाच्या क्षेत्रकार्यात आम्ही दोघींनी एका वस्तीतील 120 घरांचे सर्वेक्षण केले. त्यातील 60 घरांचे फॉर्म मी भरले आणि अहवालाचे तक्ते तयार केले. बचत गटाच्या बैठका मी घेतलेल्या नाहीत. मात्र आईच्या गटाचे हिशेबाचे रजिस्टर दोन वर्षे लिहिले आहे." जे केले नाही ते कबूल केल्यामुळे उरलेल्या दाव्यांवरही विश्वास बसतो.

म्हणून मदत मागताना निदान पाच गोष्टी पाठवाव्यात: जाहिरातीचा पूर्ण मजकूर, शिक्षण आणि निकाल लागला आहे की नाही, जाहिरातीतील कामांशी जुळणारी आपली दोन कामे, ठिकाण, कालावधी आणि आपल्या वाट्यासह, याच संस्थेत किंवा याच भागात काम का करायचे आहे, आणि कधीपासून रुजू होता येईल.

जागा तोंडी कळली असेल, तर आधी संस्थेला फोन करून काम काय, ठिकाण कोणते आणि अर्ज कोणाच्या नावे करायचा, हे विचारून घ्यावे. जाहिरातीत अनिवार्य असलेली पात्रताच नसेल, तर ती उणीव कव्हर लेटर भरून काढू शकत नाही.

पत्र तयार झाल्यावर त्यातील संस्थेचे आणि पदाचे नाव बदलून पाहावे. तरीही ते जसेच्या तसे चालत असेल, तर त्यात अजून माहिती यायची आहे, असे समजावे.