पाय मोडलेल्या मित्राला मेसेज: हसवायचं, पण कशावर?

(एपिसोडमधलं बोलणं वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट करून इथे दिलंय.)

आज विषय छोटासाच आहे, पण मी स्वतः त्यात एकदा चांगलीच माती खाल्ली आहे. वर्गातल्या कुणाचा तरी पाय मोडला, ग्रुपवर बातमी आली, आणि आता आपल्याला मेसेज टाकायचाय. काय लिहायचं?

बारावीत असताना माझ्या बाकावरचा मित्र पावसात स्कूटरवरून घसरला. नडगीचं हाड मोडलं आणि मांडीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लॅस्टर. मी लगेच मेसेज केला. तो अजून आठवतो मला, कारण त्यानंतर चार दिवस त्याने माझ्याशी धड बोलणंच टाळलं. मेसेज असा होता:

"अरे काय रे हे! कसा काय पडलास? मजा आहे बाबा तुझी, दोन महिने लेक्चर नाही, जर्नल नाही! चल, लवकर बरा हो, ट्रायल्सला तू पाहिजेस. काही लागलं तर सांग!"

वाचायला वाईट वाटत नाही ना? मलाही तेव्हा वाटलं नव्हतं. पण तो कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये होता आणि ट्रायल्स तीन आठवड्यांवर होत्या. नडगीचं हाड नीट जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. म्हणजे त्याचं ते वर्ष गेलं होतं. हे त्याला डॉक्टरांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणतोय, "मजा आहे तुझी".

आता या मेसेजचं एकेक वाक्य उघडून बघू या.

"कसा काय पडलास?" हा प्रश्न आपण काळजीपोटीच विचारतो. पण तोच प्रश्न त्याला शेजारच्या काकूंनी विचारलाय, मामाने विचारलाय आणि ग्रुपवरच्या तीस जणांनी विचारलाय. प्रत्येक वेळी त्याला तो पडण्याचा क्षण पुन्हा सांगावा लागतो. त्यात "स्कूटर हळू चालवायची ना" हा उपदेश बहुतेक वेळा फुकट मिळतोच. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो स्वतःहून सांगेल, आणि अगदी रंगवून सांगेल.

"मजा आहे तुझी" यात विनोद कशावर आहे? त्याने जे गमावलं त्यावर. सगळी गडबड इथेच झाली. हसवायला हरकत अजिबात नाही. उलट पलंगावर पडलेल्या माणसाला हसायला हवंच असतं. फक्त पाठवण्याआधी एक गोष्ट तपासायची: या विनोदात कोण सापडतंय? तो स्वतः, त्याचं पडणं, किंवा त्याचं हुकलेलं काही सापडत असेल तर तो विनोद पुसून टाका. प्लॅस्टर, कुबड्या, कॉलेजचं कँटीन, सर, किंवा तुम्ही स्वतः सापडत असाल तर बिनधास्त पाठवा. तो स्वतः आपल्या पडण्यावर जोक करायला लागला, तर मग तुम्हीही सामील व्हा. पण पहिला चेंडू त्याने टाकायचा.

"ट्रायल्सला तू पाहिजेस." मला वाटलं, तू आम्हाला किती हवा आहेस हे मी सांगतोय. त्याला ऐकू आलं की तुझ्यामुळे टीम अडली. लवकर बरं होणं त्याच्या हातात नाही, हाड आपल्या वेगानेच जुळतं. त्यामुळे मेसेजमध्ये तारीख घालू नका. "पुढच्या आठवड्यात भेटू कॉलेजात" हेही नको.

"काही लागलं तर सांग." हे तर आपण सगळेच म्हणतो. आता विचार करा, तो काय सांगणार? त्याला पाणी प्यायला उठता येत नाही, बाथरूमला जाताना बाबांचा हात धरावा लागतो. एवढं सगळं आधीच मागावं लागतंय, त्यात वर्गातल्या मुलाकडे आणखी काय मागायचं? मदत करायचीच असेल तर कुठली ते आपणच ठरवून टाकायचं, त्याने नुसतं होकार किंवा नकार द्यायचा.

काही जण बरोबर उलटी चूक करतात. हसायचं नाही म्हटल्यावर एकदम गंभीर होतात. "ही दुःखद बातमी ऐकून मन सुन्न झाले. ईश्वर तुला या संकटातून बाहेर पडण्याची शक्ती देवो." अरे, पाय मोडलाय त्याचा, श्रद्धांजली कसली वाहताय? रोज "ए भावा" म्हणणारा मित्र अचानक "आपणास लवकर आराम पडो" म्हणाला की समोरच्याला वाटतं, डॉक्टरांनी मला काहीतरी सांगितलेलं नाही की काय! जशी बोलता तशीच भाषा ठेवा. "अरे" असेल तर "अरे", "अगं" असेल तर "अगं".

फक्त एक सावधगिरी. पहिले दोन-तीन दिवस त्याचा फोन बरेचदा आईच्या हातात असतो. तो औषधाने झोपलेला असतो आणि आई मेसेज मोठ्याने वाचून दाखवते. त्यामुळे आपल्या नेहमीच्या शिव्या जरा नंतरसाठी राखून ठेवा.

चला, आता तोच मेसेज आज लिहायचा असता तर मी कसा लिहिला असता?

"अरे, कळलं मला. खूप दुखत असेल, म्हणून फोन करत नाही. ट्रायल्सचं डोक्यात येत असेल ना? वाईट वाटलं रे. इकडे आपला बाक इतका शांत आहे की सरांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या नोट्सचे फोटो रोज संध्याकाळी टाकत जातो, आत्ता बघू नकोस, नुसते पडून राहू देत. रिप्लायची घाई नाही."

यात काय काय झालं बघा. सुरुवातीलाच दुखण्याची दखल घेतली, एका वाक्यात. ट्रायल्स हा विषय टाळला नाही, कारण त्याच्या डोक्यात तोच होता. पण "पुढच्या वर्षी बघू" असं गुळगुळीत सांत्वनही केलं नाही. नुसतं "वाईट वाटलं रे" म्हटलं आणि थांबलो. विनोद आहे, पण तो माझ्यावर आणि आमच्या बाकावर आहे. मदत ठरलेली आहे, तीही अशी की त्याला काहीच करावं लागत नाही. आणि शेवटचं वाक्य त्याला मोकळं करतं. पहिल्या दिवसांत पाय सुजलेला असतो, उशांवर उंच ठेवलेला असतो, रात्री झोप लागत नाही. अशा वेळी चाळीस जणांना "थँक्यू भाऊ" टाइप करणं हेही कामच असतं.

व्हॉइस नोट पाठवली तर चालेल का? जरूर. आवाजात हसू ऐकू येतं, त्यामुळे विनोद चुकीचा पोचण्याची शक्यता कमी होते. पण अर्ध्या मिनिटात आटपा. चार मिनिटांची नोट आणि मागे कँटीनचा गोंधळ, हे त्याला ऐकवत नाही.

आणि तो जवळचा मित्र नसेल, नुसता वर्गातला ओळखीचा असेल तर? मग विनोद थोडा कमी आणि काम थोडं जास्त. "अगं, मी तुझ्या मागच्या बाकावर बसतो. प्रॅक्टिकलची रीडिंग्ज माझ्याकडे आहेत, हवी तेव्हा घे. सावकाश बरी हो." एवढं पुरतं. ओळख कमी असताना ओढून आणलेला जोक तिला आणि आपल्याला, दोघांनाही अवघड करतो.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगतो. पहिल्या दिवशी ग्रुपवर चाळीस "गेट वेल सून" येतात. तिसऱ्या आठवड्यात एकही येत नाही. आणि खरा कंटाळा तेव्हाच सुरू होतो. दुखणं कमी झालेलं असतं, पण हलता येत नाही, आणि प्लॅस्टरच्या आत अशी खाज सुटते की विचारू नका. हा धमाल मेसेज पाठवायचा आठवडा आहे. मी तेव्हा लिहिलं होतं:

"ऐक, प्लॅस्टरमध्ये पट्टी घालून खाजवलंस तर तुझी कंपासपेटी जप्त करीन. काकूंना सांगून ठेवलंय."

यावर तो पहिल्यांदा हसला. आणि हा विनोद नुसता विनोद नाही बरं का. पट्टी किंवा विणायची सुई आत घातली तर कातडी सोलवटते, आणि आतली जखम बाहेरून दिसतही नाही. म्हणजे काळजीची गोष्टच सांगितली, फक्त डॉक्टरांच्या आवाजात नाही.

पुढचा मेसेज प्लॅस्टर निघाल्यावर. सगळ्यांना वाटतं, चला, सुटला एकदाचा! पण आत पाय बारीक झालेला असतो, गुडघा नीट वाकत नाही, आणि व्यायाम सुरू झाल्यावर पुन्हा दुखतं. अशा वेळी "आता धावायला लाग" म्हटलं की तो हिरमुसतो. माझ्या मित्राला कॉलेजात परत येण्याची भीतीच जास्त होती. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि कुबड्यांवर जिना चढताना सगळे बघणार. त्याने हे सांगितलं नव्हतं, त्याच्या आईने सांगितलं. मग मी आदल्या रात्री एवढंच टाकलं:

"उद्या गेटपाशी थांबतो. बॅग माझ्याकडे. जिना सावकाश चढू, उशीर झाला तर दोघांनाही होईल, आणि सरांना कारण मी सांगणार."

त्याचा रिप्लाय आला: "कारण मी सांगणार. कुबड्या माझ्या आहेत."

तेव्हा मला कळलं की पहिला चेंडू आता त्याने टाकलाय.

तर मंडळी, तुमच्या वर्गात आत्ता कुणी पाय उशीवर ठेवून पडलं असेल, तर किती दिवस झाले ते आधी मोजा. तिसरा आठवडा चालू असेल तर एपिसोड इथेच थांबवा आणि मेसेज टाका. भेटू पुढच्या वेळी!