उत्तर कीशी जुळलं नाही, म्हणून चुकलं?

यवतमाळ असो, पुसद असो की वणी, डिप्लोमाच्या परीक्षेत डिजिटल टेक्निक्सचा पेपर झाला की एक तक्रार हमखास कानावर येते: “सर, माझं उत्तर मॉडेल आन्सरशी जुळून नाही राहिलं. गेले मार्क!” तिच्यामागचा गैरसमज असा, की के-मॅपने सोपं केलेलं एक्स्प्रेशन एकच असतं. हे किती वेळा खोडून काढायचं? एक गणित करूनच पाहू.

तीन इनपुटचं फंक्शन घ्या, F = Σm(0,1,2,5,6,7). म्हणजे ट्रुथ टेबलच्या आठ ओळींपैकी फक्त 011 आणि 100 या ओळींत आउटपुट 0, बाकी सगळीकडे 1. मॅप असा भरतो:

```
        BC
       00  01  11  10
A=0     1   1   0   1
A=1     0   1   1   1
```

इथे चारचा गट पडतच नाही, फक्त जोड्या पडतात. डावी-उजवी कड एकमेकींना लागून असते हे धरलं, तर सहा 1 ची एक साखळी होते: 0, 1, 5, 7, 6, 2 आणि परत 0. प्रत्येक 1 दोन जोड्यांत बसतो, त्यामुळे ‘हीच जोडी घ्यावी लागेल’ असं कुठेच होत नाही. साखळीतली एकाआड एक जोडी उचलायची. सुरुवात कुठून केली यावर उत्तर ठरतं:

```
F = A'B' + AC + BC'
F = A'C' + B'C + AB
```

दोन्हींत तीन टर्म, प्रत्येक टर्ममध्ये दोन अक्षरं. 011 आणि 100 टाकून पाहा: दोन्ही एक्स्प्रेशन 0 देतात, उरलेल्या सहा ओळींत 1. दोन्ही बरोबर आणि दोन्ही सारखीच लहान.

खरी चूक वेगळीच होते. पहिली जोडी 0-1 घेतली आणि दुसरी 6-7, तर 2 आणि 5 एकेकटे उरतात. त्यांना झाकायला आणखी दोन जोड्या लागतात आणि चार टर्म होतात. ट्रुथ टेबल तेव्हाही जुळतं, पण ‘मिनिमाइझ करा’ म्हटलेल्या प्रश्नात हे उत्तर अपुरं. तेव्हा कीशी अक्षरं जुळवत बसू नका. ट्रुथ टेबल ताडून पाहा, मग टर्म मोजा.

“पण तपासणारे ऐकतील का?” तंत्रशिक्षण मंडळाच्या मॉडेल आन्सरचं पहिलं पान कुणी वाचतच नाही. परीक्षकांसाठीच्या सूचना तिथेच छापलेल्या असतात: उत्तर शब्दाला शब्द जुळवून तपासू नये, आणि आकृती वेगळी पण समतुल्य असेल तर तिला गुण देता येतात.

दुसरा गैरसमज सर्किटचा: नँड गेटने काढलं की गेट वाढतात, खर्च वाढतो. वरचंच पहिलं एक्स्प्रेशन घ्या. अँड, ऑर, नॉट वापरून जोडायचं तर 7408, 7432 आणि 7404 अशा तीन आयसी लागतात. नँड-नँड पद्धतीत तीन टर्मना 7400 मधले तीन गेट आणि शेवटी 7410 मधला तीन इनपुटचा एक गेट पुरतो. आता 7400 मध्ये एक गेट उरला, 7410 मध्ये दोन. A', B', C' साठी इन्व्हर्टरही तीनच हवेत! उरलेल्या गेटचे सगळे इनपुट एकत्र जोडले की तो इन्व्हर्टर होतो. काम दोन आयसींत भागलं. म्हणून सर्किट काढताना गेट मोजून थांबू नका, आयसी मोजा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘A + A = 2A.’ नाही, A च. इथे 2 नावाचा आकडाच नाही.

‘A + B = A + C असेल तर दोन्हीकडचा A काटता येतो.’ A = 1 ठेवा. B आणि C काहीही असले तरी दोन्ही बाजू 1 च राहतात, मग B = C कुठून आलं?

‘के-मॅपचे रकाने 00, 01, 10, 11 असे.’ नाही, 00, 01, 11, 10. शेजारच्या रकान्यात एकच बिट बदलला पाहिजे, नाहीतर जोडीतून काहीच उडत नाही.

‘डोन्ट केअरचे सगळे X गटात घ्यावेच लागतात.’ गट मोठा होत असेल तरच घ्या, नाहीतर सोडून द्या.

‘न जोडलेला इनपुट म्हणजे 0.’ टीटीएल आयसीत तो साधारणपणे 1 सारखा वागतो. त्यामुळे 7410 च्या इन्व्हर्टरचा तिसरा पाय मोकळा राहिला तरी ब्रेडबोर्डवर सर्किट चालल्यासारखं दिसतं, पण नॉइज आला की आउटपुट भलतंच होतं. तिन्ही पाय एकत्र बांधा, आणि आकृतीतही तसेच बांधलेले दाखवा.