गाळ्यासाठी अर्ज: दोन वर्षांपूर्वी काय चुकलं आणि या वेळी काय लिहिलं

येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत पालिकेच्या बाजार समितीला द्यायचा प्रस्ताव वाचून दाखवणार आहोत. मासळी बाजारातला कोपऱ्यावरचा 8 चौरस मीटरचा बंद पडलेला गाळा आपल्या सोसायटीला मिळावा, अशी ती मागणी आहे. सभेत प्रश्न येणारच, म्हणून प्रस्तावात काय लिहिलंय आणि का लिहिलंय ते आधीच इथे मांडतो.

दोन वर्षांपूर्वीही आपण अर्ज केला होता. तो जेमतेम पाच ओळींचा होता. ‘सोसायटीस मासळी विक्रीसाठी गाळा मिळावा, योग्य ते भाडे भरू,’ एवढंच त्यात होतं. ‘उद्देश स्पष्ट नाही’ असा शेरा मारून तो परत आला. तेव्हा आम्हाला राग आला होता. आज तोच कागद पुन्हा वाचताना शेरा बरोबर होता असं वाटतं. कोण बसणार, काय विकणार, भाडं किती, गाळा कधी सुरू होणार, यातलं त्यात काहीच नव्हतं. समितीला ठराव लिहायचा तर कशावर लिहायचा?

कोण बसणार, काय विकणार

खरी अडचण समितीची नव्हती, बाजारातल्या बायकांची होती. वर्षानुवर्षं पाटी घेऊन बसणाऱ्या, रोजचा सोपो भरणाऱ्या या आपल्याच घरच्या बायका. त्यांच्यातली एक आमच्या तोंडावर म्हणाली, “तुमी गाळो घेतलो, जाल्यार आमी खंय बसूं?” होडीवाल्यांनीच किरकोळ विक्री सुरू केली तर तिच्या पाटीतले बांगडे कोण घेणार? तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

म्हणून या वेळी वापराच्या कलमात तीन गोष्टी लिहिल्या आहेत. सकाळी 8 वाजेपर्यंत गाळ्यावरून किरकोळ विक्री नाही. त्या वेळेत बाजारातल्या बायकांना जेटीवरच्या लिलावाच्या भावात माल मिळेल, त्यावर फक्त टेम्पोचा खर्च. गाळ्यावर विक्रीला दोघी बसतील, त्याही सभासदांच्या घरच्या, पाळीपाळीने. त्यांची यादी अर्जाला जोडलेली असेल. तिसरी गोष्ट, गाळा पोटभाड्याने दिला जाणार नाही. एकाच्या नावावर गाळा आणि आत दुसराच बसलेला, हे समितीने पुष्कळ पाहिलंय. ती भीती आपणच लिहून दूर केलेली बरी.

आणखी एक शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे: ‘ताजी व सुकी मासळी’. 1 जून ते 31 जुलै बंदी असते, होड्या किनाऱ्याला लागतात. नुसतं ‘ताजी मासळी’ लिहिलं, तर त्या दोन महिन्यांत सुके बांगडे आणि सुकी सुंगटं ठेवणं म्हणजे अटीचा भंग होईल. एप्रिल-मेमध्ये पुरुमेंताची खरेदी असते, तेव्हाही सुक्याला गिऱ्हाईक भरपूर.

भाडं किती परवडेल

भाडं ठरवताना आम्ही उलटा हिशेब केला. दिवसाला 60 किलो माल गाळ्यावर गेला आणि जेटीच्या भावापेक्षा किलोमागे सरासरी 40 रुपये जास्त मिळाले, तर 2,400 रुपये होतात. त्यातून दोघींची मजुरी 1,200, टेम्पो 300, बर्फ 150, वीज-पाणी-कचरा 100 जातात. शिवाय दुपारी उरलेला माल भाव पाडून द्यावा लागतो, त्याची तूट 300 धरली. हाती राहतात 350 रुपये.

महिन्याला 24 दिवस धरले, तर दहा महिन्यांचे 84,000 होतात. इथे एक गोष्ट नीट पाहा. ताज्या मासळीची कमाई दहा महिन्यांची, पण भाडं बारा महिन्यांचं. म्हणजे महिना 7,000 रुपये भाड्यात सगळी कमाई संपते. समुद्र खवळला, बांगडा लागलाच नाही असे आठवडे येतात, तेव्हा तर खिशातून भरावं लागेल. म्हणून आम्ही चौरस मीटरला 500, म्हणजे महिना 4,000 रुपये लिहिले आहेत, आणि तीन महिन्यांचं भाडं 12,000 अनामत. वर्षाचे 48,000 गेले की 36,000 उरतात. सुक्या मासळीतून जे येईल ते वेगळं; ते या हिशेबात धरलेलं नाही.

दर चौरस मीटरप्रमाणे लिहिण्याचं कारण असं, की समिती शेजारच्या गाळ्यांशी तसाच ताळा घालते. गाळ्याचा लिलावच काढायचं ठरलं, तर बोली कुठे थांबवायची ते सभेनेच आधी ठरवावं. आमचं मत 5,000 वर थांबावं. लिलावाच्या खोलीत ईर्ष्येने हात वर जातो आणि मग वर्षभर सगळ्यांनी तो फेडायचा.

सोपोचंही स्पष्ट लिहून घेणार आहोत. भाडेपट्टीचा गाळा आणि सोपोची बसायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी. पण सोपोचा ठेकेदार गाळ्यासमोर येऊन उभा राहिला, तर त्याला दाखवायला कागद लागतो. म्हणून ‘भाड्याव्यतिरिक्त या जागेस सोपो लागू राहणार नाही’ हे वाक्य वाटपपत्रातच यावं, अशी विनंती अर्जात आहे. गाळ्याबाहेर एक क्रेट जरी मांडला, तर मात्र सोपो मागायचा त्याला हक्क आहे. तेव्हा क्रेट आतच.

कधीपर्यंत

आपली तारीख ठरलेली आहे: 1 ऑगस्ट. त्या दिवशी होड्या परत समुद्रात जातात, गाळा तोपर्यंत तयार हवा. पण अर्ज आधी बाजार समितीकडे, मग जागेची पाहणी, मग ठराव, मग पालिका मंडळाची मान्यता, त्यानंतर वाटपपत्र, अनामत आणि करारनामा. एक बैठक चुकली की महिना गेला. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवीन वाटप थांबतंच. म्हणून अर्ज फेब्रुवारीत गेला पाहिजे.

मागणी अशी केली आहे, की ताबा 1 जूनला मिळावा आणि भाडं 1 ऑगस्टपासून सुरू व्हावं. मधले दोन महिने काम करायला. लादीला गटाराकडे उतार काढायचा आहे. आज पाणी मागच्या भिंतीशी साचतं, पाहणीच्या वेळी ते दाखवा. स्टीलचं टेबल, बर्फाची पेटी, गटाराच्या तोंडाला खवले अडवणारी जाळी, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आणि अन्नसुरक्षेची नोंदणी, हे सगळं त्याच काळात करायचं. ताबा उशिरा मिळाला तर काय? म्हणून ‘ताबा मिळाल्यापासून 60 दिवसांत विक्री सुरू करू’ असंही लिहिलंय. नुसती तारीख लिहिली असती, तर पालिकेचा उशीर आपल्या माथी आला असता.

रविवारी तीन गोष्टींवर ठराव हवा: भाड्याची मर्यादा, विक्रीला बसणाऱ्यांची यादी आणि सही कोण करणार. ठरावाची प्रत नसेल तर अर्ज आवक विभागातूनच परत येईल. पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांनाही सभेला बोलावलं आहे. सकाळी 8 ची वेळ त्यांना पटते का, हे त्यांच्याच तोंडून ऐकू आणि मगच कागदावर सही करू.